पैठणी 'किरकोळ दुरुस्ती'त लिहिली तेव्हा

प्रश्न: "माझं नाशिकला सप्लायचं काम आहे. दिवाळीला ऑफिसरला नि क्लायंटला काहीतरी द्यावंच लागतं. ते लाच कधी होतं? रेघ कुठे मारायची?"

अंबडला आमचा इलेक्ट्रिक पॅनेल बनवायचा छोटा कारखाना आहे. मी नि माझे यजमान मिळून तो चालवतो. तुमच्या प्रश्नावर माझं मत ठाम आहे, कारण ही रेघ मी स्वतः ओलांडलेली आहे.

एका सरकारी कार्यालयात आमचं चार लाख ऐंशी हजारांचं बिल अडकलं होतं. ज्या साहेबांच्या टेबलावर फाइल होती, त्यांच्या मुलीच्या लग्नाची पत्रिका आली. पत्रिकेवर 'कृपया आहेर आणू नये' असं छापलेलं होतं. तरीही मी येवल्याहून चौदा हजारांची पैठणी आणली आणि मंडपात त्यांच्या मिसेसच्या हातात दिली. कुणी मागितली नव्हती, मीही बिलाचा विषय काढला नाही. एरवी दीड महिना लागणारं बिल नऊ दिवसांत निघालं. मला आनंद झाला, हे कबूल करते.

संध्याकाळी हिशेब बघणाऱ्या काकांनी विचारलं, "ताई, पैठणीची पावती कुठल्या खात्यात टाकू?" मी दोन मिनिटं काही बोललेच नाही. शेवटी म्हटलं, "किरकोळ दुरुस्तीत टाका." तोंडातून शब्द गेले आणि पोटात गोळा आला. जी वस्तू मी खुशीने दिली म्हणत होते, ती मला स्वतःच्या वहीत तिच्या नावाने लिहिता येत नव्हती.

पुढचं बिल गेलं तेव्हा साहेबांचा फोन आला, "मॅडम, या वेळी आमची आठवण नाही का?" त्यात धमकी नव्हती, आवाजही गोडच होता. पण पहिल्या वेळी दर मीच ठरवून दिला होता, आता ते फक्त वसुली करत होते.

कायदा काय म्हणतो ते नीट समजून घ्या, कारण बहुतेक व्यापाऱ्यांची इथे गल्लत होते. "त्यांनी मागितलं नाही, मी बदल्यात काही मागितलं नाही, मग लाच कशी?" असं आपण म्हणतो. भ्रष्टाचार प्रतिबंधक कायदा १९८८ चा आहे आणि २०१८ साली त्यात मोठी दुरुस्ती झाली. त्यातलं कलम ११ नेमकं याच प्रकारासाठी आहे. ज्याचं काम आपल्यापुढे आहे किंवा येणार आहे, अशा माणसाकडून सरकारी माणसाने फुकट किंवा नाममात्र किमतीत काही घेतलं, तर तोच गुन्हा. बदल्यात काही केलं हे सिद्ध करावं लागत नाही. शिक्षा सहा महिने ते पाच वर्षं. अशा गुन्ह्याला साथ देणाऱ्यासाठी कलम १२ आहे आणि काम काढून घ्यायला लाच देणाऱ्यासाठी कलम ८. थोडक्यात, पैठणी देणारी मीही त्यातून सुटत नाही. आणि 'सरकारी माणूस' म्हणजे फक्त कलेक्टर कचेरीतला नव्हे. महापालिका, सरकारी वीज कंपनी, सरकारी बँक, संरक्षण खात्याचा कारखाना, सगळे त्यात येतात.

म्हणून "कितीपर्यंत चालतं?" हा प्रश्न सरकारी माणसाबाबत चुकीच्या जागी जातो. अधिकाऱ्यांच्या वर्तणूक नियमांत रकमेच्या मर्यादा आहेत, पण तुमचं काम त्याच्या टेबलावर असेल तर त्या मर्यादेच्या आड तुम्हाला लपता येत नाही. त्याच नियमांत अधूनमधूनचं साधं जेवण किंवा गाडीत दिलेली लिफ्ट भेट धरलेली नाही. मात्र कामाचा संबंध असलेल्यांकडून वारंवार किंवा डामडौलाचा पाहुणचार घेणं टाळावं, असंही तिथेच म्हटलेलं आहे. साइटवर तपासणीला आलेल्या इंजिनिअरला मी चहा-पोहे देते, कारखान्यातल्या पोरांना देते तेच. तपासणीनंतर हॉटेलात नेत नाही.

मला सगळ्यात जास्त शिकवलं ते आमच्या जुन्या दिवाळी यादीने. काकांनी ती कपाटातून काढली. त्यात माणसांची नावं नव्हती. 'स्टोअर', 'बिल सेक्शन', 'टेस्टिंग' असं लिहिलेलं होतं. साहेबांची बदली झाली की त्याच ओळीवर नव्या साहेबांना बॉक्स जायचा आणि जुन्यांना साधा फोनही नसायचा. स्नेह माणसाशी असता तर बॉक्स माणसामागे गेला असता. तुमची यादी आजच काढून बघा. बदलीनंतर ज्याला द्यायचं थांबवाल, त्याला आत्ताही देऊ नका.

आता आमच्याकडे एक वही आहे. कुणाला, काय, किती किमतीचं, कुणाच्या हाती दिलं, आणि शेवटचा रकाना: 'त्याच्याकडे आपलं काय बाकी?' सरकारी ठिकाणी तो रकाना रिकामा असा जवळजवळ कधीच नसतो. टेंडर, ऑर्डर, तपासणी, बिल, डिपॉझिट परत मिळणं, काहीतरी चालूच असतं. म्हणून तिथे आम्ही काहीच देत नाही, शुभेच्छापत्र तेवढं पाठवतो.

खाजगी क्लायंटचं थोडं वेगळं आहे. तिथे भ्रष्टाचाराचा हा कायदा सहसा लागत नाही, पण परचेस मॅनेजर खर्च करतो तो मालकाचा पैसा. त्याच्या घरी चांदीचं नाणं पाठवलं तर मी मालकाच्या पाठीमागे त्याच्या माणसाला फिरवते आहे. म्हणून फेब्रुवारीत द्राक्षांच्या पेट्या जातात त्या कंपनीच्या पत्त्यावर, 'सर्व कर्मचाऱ्यांसाठी' असं लिहून, आणि पत्राची एक प्रत मालकाला. दर वाटाघाटीला असताना तेही नाही. रोख, गिफ्ट कार्ड, बायकामुलांच्या नावाने वस्तू, हे कुठेच नाही. खर्च 'भेटवस्तू' याच खात्यात पडतो. भेट दिलेल्या मालावर जीएसटीचं क्रेडिट मिळत नाही, ते सोडून द्यायचं. ते वाचवायला खातं बदलावंसं वाटलं, तर तिथेच थांबायचं.

आणि समोरून मागणी आली तर? तेव्हा भेटीचा विषय संपलेला असतो. "या वेळी आमची आठवण" याला मी म्हटलं, "साहेब, आमच्याकडे आता ते बंद केलंय. बिलात काही त्रुटी असेल तर लेखी कळवा." आणि त्याच दिवशी बिलाची तारीख, रक्कम, इनवर्ड नंबर घालून पत्र दिलं, पोच घेतली. बिल चोपन्न दिवसांनी निघालं. त्या महिन्यात पगाराला आम्हाला सोनं गहाण ठेवावं लागलं, ही किंमत लपवून सांगण्यात अर्थ नाही. थेट पैसे मागितले असते तर मी लाचलुचपत प्रतिबंधक विभागाला १०६४ वर फोन केला असता, आणि तोही पैसे द्यायच्या आधी. आधी कळवून सापळ्यासाठी दिलेली रक्कम देणाऱ्याचा गुन्हा ठरत नाही. जबरदस्तीने द्यावीच लागली असेल, तर सात दिवसांच्या आत कळवलं तरच कायदा तुम्हाला संरक्षण देतो. आठव्या दिवशी तुम्ही पीडित नसता, लाच देणारे असता.

पैठणीची ती नोंद काकांनी पुढे दुरुस्त करू का म्हणून विचारलं. मी पेन घेऊन 'किरकोळ दुरुस्ती' खोडलं, बाजूला 'साडी, बिल सेक्शन' असं लिहिलं आणि सही केली. ते पान अजून वहीत आहे.