नदी चढत असताना ऑफरची पोस्ट

सांगली

प्रिय पोरी,

तुझं ऑगस्टचं वेळापत्रक पाहिलं. साड्यांच्या दुकानासाठी अकरा पोस्ट, दोन रील आणि एक पैसे भरून चालवायची जाहिरात, सगळं आधीच लावून ठेवलंयस. काम नीट झालंय. काळजी वाटते ती एवढ्यासाठी, की ऑगस्ट हा कृष्णेचाही महिना आहे आणि लावून ठेवलेल्या पोस्टला पुलाखालचं पाणी दिसत नाही.

म्हणून लावून ठेवलेली पोस्ट कधी आणि कशी थांबवायची, हे सांगायला पूर हेच उदाहरण घेते. अपघात एका क्षणात कळतो. पूर मात्र तीन-चार दिवस चढत राहतो, आणि तेवढ्या दिवसांत प्रत्येकाला वाटतं की "अजून तेवढं काही नाही". चूक तिथेच होते.

२०१९ चं कॅलेंडर समोर ठेव. ५ ऑगस्टला नागपंचमी, १२ ला बकरी ईद, १५ ला स्वातंत्र्यदिन आणि राखीपौर्णिमा एकाच दिवशी. दुकानदारासाठी याहून भरलेले दहा दिवस क्वचितच येतात. त्याच दहा दिवसांत कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांच्या वर गेलं आणि ८ तारखेला ब्रह्मनाळला बचावासाठी निघालेली बोट उलटून माणसं गेली. आता समज, तुझं आजचं वेळापत्रक तेव्हा लागलेलं होतं, आणि एकेक पोस्ट तपासून पाहू.

पहिली पोस्ट ४ तारखेची आहे: झोक्यावर बसलेल्या मुली, हिरव्या बांगड्या, "पंचमीचा साज". मजकुरात खटकणारं काही नाही. पण ४ तारखेला नदी चढत होती, आणि या टप्प्यावर पोस्ट चांगली की वाईट याला महत्त्व नाही. ती वाचणारी माणसं कुठे आहेत, ते बघायचं. आयर्विन पुलाला इशारा पातळी ४० फूट आणि धोका पातळी ४५ फूट. पण ४० च्या आतच सूर्यवंशी प्लॉट, दत्तनगर भागातली कुटुंबं सामान हलवायला लागतात. तुझ्या गिऱ्हाइकांत तिथल्या बायका आहेत, भिलवडी-अंकलखोपच्या आहेत, हरिपूरच्या आहेत. म्हणून दुकानाचा नियम सरकारी पातळीच्या आधीचा ठेव. लोक सामान हलवायला लागल्याची पहिली बातमी आली की सणाच्या सगळ्या पोस्ट थांबव. पाणी उतरलं तर तुझा एक दिवस वाया गेला, बाकी काही नाही.

दुसरी पोस्ट ७ तारखेची, आणि ती मला खरोखर भीतीदायक वाटते: "श्रावणसरींसोबत ऑफर्सचा महापूर!" खाली भिजणारी मुलगी आणि कागदाची होडी. आपल्या जाहिरातीच्या मराठीत असे शब्द इतके रुळलेत की लिहिताना जाणवत नाहीत: सवलतींचा वर्षाव, महापूर, किमती कोसळल्या, धमाका, लूट. २२ जुलै २०२१ च्या रात्री पाटण तालुक्यात आंबेघर, मीरगाव, ढोकावळे इथे दरडी कोसळल्या. त्या आठवड्यात सातारा-कराडच्या वाचकापुढे "किमती कोसळल्या" ही ओळ गेली असती, तर ती लिहिणाऱ्याच्या मनात काय होतं ते कोणी विचारलं नसतं. म्हणून जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पाणी, पूर, बुडणं, वाहणं, कोसळणं हे शब्द ऑफरच्या मजकुरात घालूच नकोस. त्यांच्यावाचून जाहिरात होते. "निवडक साड्यांवर २० टक्के सूट, रविवारपर्यंत" हे वाक्य कुठल्याही दिवशी वाचता येतं.

शब्दांइतकंच आवाजाकडे आणि चित्राकडे बघ. मजकूर साधा असला तरी रीलच्या मागे ढोल-ताशा वाजत असतो, कोपऱ्यात फटाके उडत असतात, दुकानासमोरचा ओला रस्ता चमकत असतो. पोस्ट एकदा आवाज चालू ठेवून आणि एकदा आवाज बंद करून बघायची. आवाज बंद असताना नजर कुठे जाते ते कळतं, चालू असताना तिचा खरा सूर कळतो. मग एकच प्रश्न विचार: निवारा केंद्रात मोबाइल चार्जिंगला लावून बसलेल्या बाईला हे दिसलं तर?

तिसरी गोष्ट १० तारखेची, पैसे भरून चालणारी जाहिरात. हिच्यावर सगळ्यात जास्त लक्ष दे, कारण बहुतेक दुकानं इथेच फसतात. Meta Business Suite मधल्या Planner मधून पोस्ट काढली म्हणजे सगळं थांबलं असं वाटतं. पण जाहिरात Ads Manager मध्ये वेगळी चालू असते. तिला तिथे जाऊन बंद करावं लागतं. बंद कर, मजकूर बदलत बसू नकोस. बदललेली जाहिरात पुन्हा तपासणीला जाते आणि घाईत दुसरीच चूक होते. तसंच मेसेंजरचं आपोआप जाणारं उत्तर. कोणी विचारलं, "दुकान चालू आहे का? माझी आई मारुती चौकात अडकलीय," आणि उत्तर गेलं, "नमस्कार! श्रावण ऑफरसाठी धन्यवाद!" तर त्याला माफी मिळणं अवघड. शिवाय व्हॉट्सॲपचा ब्रॉडकास्ट, एसएमएस पाठवणाऱ्या एजन्सीला दिलेली तारीख, विश्रामबागच्या एलईडी फलकावरची फिरती जाहिरात, केबलवरची पट्टी. कागदावर दोन रकाने कर: काय लावलंय आणि ते कोण, कुठून बंद करणार. फोन नंबर त्याच कागदावर. हा कागद गल्ल्याजवळ भिंतीला चिकटव. पुरात नेट जातं, बॅटरी जाते, कागद राहतो.

थांबवलेली पोस्ट पुसू नकोस, ड्राफ्टमध्ये टाक. पुसली की मजकूर, हॅशटॅग, फोटोंचा क्रम सगळं जातं आणि आठवड्याने घाईघाईत नव्याने लिहिताना जुनाच "महापूर" परत येतो.

आता वेळेबद्दल. तुझ्या चार पोस्ट सकाळी ६ ला लावलेल्या दिसतात. त्या ११ वर ने. रात्रीतून काही घडलं तर ६ ला ते बघणारं कोणी जागं नसतं. तपासणी दोनदा: आदल्या रात्री ९ वाजता आणि पोस्टच्या अर्धा तास आधी. दुसरी तपासणी टाळू नकोस. १२ जून २०२५ ला अहमदाबादचं विमान दुपारी दीडनंतर कोसळलं. त्या दुपारी २ ला एखाद्या सहल कंपनीची "चला, उंच भरारी घेऊ" अशी पोस्ट लागलेली असती, तर सकाळी केलेली तपासणी काही कामाची नव्हती. अशा वेळी पहिल्या बातमीत आकडे नसतात, गावं चुकलेली असतात. नक्की काय झालं ते कळायची वाट बघायची नाही. आधी थांबवायचं, मग विचार करायचा. थांबवायला कोणाची परवानगी लागणार नाही, पुन्हा सुरू करायला मात्र दोघांचं एकमत लागेल, एवढं मालकांकडून आजच कबूल करून घे. मालक झोपलेले असताना त्यांना उठवू की नको या विचारात पोस्ट निघून जाते.

चौथी पोस्ट १५ ऑगस्टची. ती पूर्ण काढायची गरज नाही. तिरंगा आणि एका ओळीची शुभेच्छा ठेव, "स्वातंत्र्य सेल" काढून टाक. राखीची ऑफर मात्र गेली. पाणी ओसरलं तरी घरात गाळ असतो, पंचनामे चालू असतात, गावभागात आणि हरभट रोडला व्यापारी भिजलेला माल रस्त्यावर वाळत घालतात. त्यांच्या शेजारून तुझ्या रेशमी साड्यांची रील फिरता कामा नये.

सरकारी दुखवटा आणि लोकांचा दुखवटा वेगळा, हेही इथेच सांगते. मनमोहन सिंग २६ डिसेंबर २०२४ ला गेले, सात दिवसांचा राष्ट्रीय दुखवटा १ जानेवारीपर्यंत होता. त्यात झेंडा अर्ध्यावर येतो, सरकारी करमणुकीचे कार्यक्रम होत नाहीत; खासगी दुकानाच्या जाहिरातीला बंदी नसते. नववर्षाची साधी शुभेच्छा चालली असती, डीजेची रील नाही. उलट ब्रह्मनाळसारख्या गावाला सरकारने दुखवटा जाहीर केला की नाही हे तुझ्यासाठी गौण आहे. तिथल्या माणसांना तुझं दुकान ओळखतं. जवळचं दुःख सरकारी तारखांच्या आधी सुरू होतं आणि नंतरही राहतं.

दुकानाने श्रद्धांजलीची पोस्ट टाकावी का? टाकायलाच हवी असं नाही. टाकलीच तर दोन ओळी, साधी पार्श्वभूमी, लोगो छोटा किंवा नाहीच, फोन नंबर नाही, हॅशटॅग नाहीत. मृतांचा आकडा लिहू नकोस, तो बदलतो. मृतांचे किंवा रडणाऱ्या नातेवाइकांचे फोटो कधीच नाही. "विक्रीतला काही भाग पूरग्रस्तांना" असं सेलच्या चित्रावर लिहू नकोस. पैसे द्यायचे तर आधी भरा, आणि सांगायचंच असेल तर रक्कम आणि ती कुठे भरली एवढंच नंतर, साध्या अक्षरांत.

पुन्हा सुरू करताना पहिली पोस्ट माहितीची असू दे: "दुकान सोमवारपासून १० ते ६ उघडं आहे. शिवायला दिलेले कपडे सुरक्षित आहेत. ज्यांचे घरी कपडे भिजले असतील त्यांनी फोन करावा." याला खरा उपयोग आहे आणि त्याखालच्या प्रतिक्रियांतून गावाची मनःस्थिती कळते. शाळा भरायला लागल्या, एसटी गावांपर्यंत जाऊ लागली, बेपत्ता माणसांचा शोध संपला, गल्ल्यावर येणारी बाई पुराखेरीज दुसरं काही बोलू लागली, की मग साध्या शब्दांतली ऑफर. ढोल गणपतीच्या आसपास. २०१९ ला गणेशचतुर्थी २ सप्टेंबरला होती, आणि तेव्हाही मी आवाज कमीच ठेवला असता.

एखादी पोस्ट चुकून गेलीच, तर बघ की प्रतिक्रिया आल्यात का. दहा मिनिटांत कोणाच्या लक्षात यायच्या आत काढता आली तर काढ. लोकांनी बोलायला सुरुवात केली असेल तर नुसती काढून गप्प बसू नकोस. स्क्रीनशॉट निघालेले असतात. काढ आणि त्या जागी एवढंच लिही: "आज सकाळची आमची पोस्ट आधीच लावून ठेवलेली होती, ती आम्ही वेळेवर थांबवली नाही. चूक आमची आहे. ज्यांना दुखावलं त्यांची माफी मागतो." "कोणाच्या भावना दुखावल्या असल्यास" असं लिहायचं नाही. "तांत्रिक कारणामुळे" असंही नाही, कारण ते खरं नसतं.

कागद आज संध्याकाळी कर. ७ तारखेची पोस्ट काढून टाक आणि नवीन मजकूर मला पाठव. रात्री वाचून ठेवते.

तुझी,
ताई