उपाय आणि आशीर्वाद मागणाऱ्या कमेंटना काय लिहायचं

"आमचं स्तोत्र-आरत्यांचं छोटं चॅनल आहे. रोज कुणीतरी कमेंटमध्ये उपाय विचारतं, आशीर्वाद मागतं. गप्प बसलं तर वाईट वाटतं आणि उत्तर दिलं तर लोक नंबर मागतात. काय लिहायचं?"

मी पण बरीच वर्षं असंच चॅनल चालवतेय, आणि सुरुवातीला माझ्याकडून जे झालं ते आधी सांगते. एका बाईंनी मुलीचं लग्न जमत नाही म्हणून विचारलं होतं, मी आपलं चांगल्या मनाने लिहून टाकलं की रोज 11 वेळा म्हणा, सगळं छान होईल. दीडेक महिन्याने त्या परत आल्या, म्हणाल्या ताई मध्ये चार दिवस अडचण होती तेव्हा म्हटलं नाही, त्यामुळेच स्थळ मोडलं का? ते वाचून पोटात गोळा आला हो. आकडा मी माझ्या मनाने दिला होता आणि दोष त्या माउली स्वतःला लावून घेत होत्या. त्या दिवसापासून कुणाच्या अडचणीला आकडा, वार, रंग, दिवा काही म्हणजे काही सांगत नाही. स्तोत्र कसं म्हणायचं, उच्चार, अर्थ, संधी कुठे तोडायचा, हे कितीही विचारा, ते सांगणं माझं कामच आहे.

आता एक कमेंट बघा, अशा नेहमी येतात: "ताई मिस्टरांना शुगर आहे, गोळ्यांनी पोट बिघडतं, रामरक्षा सुरू केली तर गोळ्या बंद केल्या चालतील का, आशीर्वाद द्या." याला नुसते हात जोडलेले इमोजी टाकू नका, त्याचा अर्थ समोरचा माणूस "हो" असाच घेतो. मी असं लिहिते:

"ताई, मिस्टरांना गोळ्यांचा त्रास होतोय आणि तुम्हाला काळजी वाटतेय, समजतंय मला. पण गोळ्या बंद करू नका. पोट बिघडतं हे डॉक्टरांना स्पष्ट सांगा, ते गोळी किंवा घ्यायची वेळ बदलून देऊ शकतात. आजारावर उपाय मी सांगत नाही, तो माझा अधिकार नाही. रामरक्षा दोघं मिळून जरूर म्हणा, त्याला गोळ्या सोडाव्या लागत नाहीत. आशीर्वाद देण्याएवढी मी मोठी नाही, आज संध्याकाळी दिव्यापाशी तुमच्या मिस्टरांसाठी प्रार्थना करते."

त्यांनी लिहिलेली गोष्ट पहिल्याच वाक्यात आली की त्यांना कळतं आपलं वाचलंय. नकार लगेच मागोमाग आणि सरळ. "बघू", "नंतर सांगते" असं लिहिलंत की तो माणूस रोज येऊन उत्तर शोधत बसतो. आणि प्रार्थना करते असं लिहिलं तर करायचीच, मी नाव वहीत लिहून ठेवते, जमणार नसेल तर ते वाक्य लिहीतच नाही. शुगरसारख्या आजारावर मंत्र-कवचाचा गुण येतो अशी जाहिरात करायला 1954 च्या जादुई उपायांच्या कायद्यात बंदी आहे, पण कायदा नसता तरी मी हेच लिहिलं असतं.

जिवाचं काही बरंवाईट करण्याची भाषा दिसली तर मात्र आधी स्तोत्र-बित्र काही नाही. "तुमच्याजवळ आत्ता कोण आहे? त्यांना हाक मारा, आणि 14416 वर फोन करा, टेलि-मानसची सरकारी लाइन आहे, फुकट आहे, रात्रीही चालू असते." धोका अगदी समोर वाटला तर 112.

नंबरचं म्हणाल तर तो कुणालाच द्यायचा नाही, "फक्त यांनाच" असंही नाही. आणि एक गोष्ट खूप जणांच्या लक्षात येत नाही, आपण उत्तर दिलं नाही तरी दुसरं कुणीतरी देतं. आपलाच लोगो, आपल्यासारखंच नाव लावून एखादं खोटं अकाउंट त्या बाईंच्या कमेंटखाली "गुरुजींना व्हॉट्सॲप करा" म्हणून नंबर टाकतं आणि पुढे पूजेचे पैसे मागतात. म्हणून अडचण सांगणाऱ्या कमेंटखालचे रिप्लाय मी रोज उघडून बघते, असलं काही दिसलं की रिपोर्ट करून ते अकाउंट चॅनलवरून लपवते. यूट्यूब स्टुडिओच्या सेटिंग्जमध्ये Blocked words ची यादी असते, त्यात "व्हॉट्सॲप", "वशीकरण", "गुरुजींना फोन" असे शब्द घालून ठेवा, इंग्रजी अक्षरांत पण घाला, म्हणजे त्या कमेंट आधी तुमच्याकडे तपासायला थांबतात. कुणी पत्रिकेसाठी जन्मतारीख, वेळ, मोबाइल लिहिला असेल तर त्यांना "कमेंटच्या तीन टिंबांवर दाबून नंबर काढून टाका" असं सांगते, संध्याकाळपर्यंत काढला नाही तर कमेंट मीच काढते.

माझ्या प्रत्येक व्हिडिओखाली वर पिन केलेलं असतं: "आम्ही वैयक्तिक उपाय सांगत नाही, पत्रिका बघत नाही, पैसे मागत नाही, आमचा कुठलाही व्हॉट्सॲप नंबर नाही. पाठाबद्दल काहीही विचारा." हवं तर हेच उचलून तुमच्याकडे लावा.