बॅटरीच्या फवारणी पंपाच्या रिव्ह्यूला मथळा काय देऊ? लोकांनी वाचावा, पण फसवा नको.

मथळ्यातच निकाल सांगून टाका: कोणी घ्यावा आणि कुठे कमी पडतो. 'हा पंप घेण्याआधी हे वाचाच' यातून कपाशीवाल्याला काहीच कळत नाही.

समजा, दाब चांगला आहे, पण एका चार्जिंगमध्ये दोनच एकर होतात. मग लिहा: 'दोन एकर कपाशीला चांगला, वावर जास्त असेल तर दुसरी बॅटरी लागेल'. नोझलचा वायसर थोडा गळतो, पण बदलला की थांबतो, अशी किरकोळ गोष्ट आत लिहा. मथळ्यात टाकली तर चांगला पंपही वाईट वाटतो. आणि एकच हंगाम वापरला असेल तर 'टिकाऊ' म्हणू नका, 'एका हंगामानंतर' असं स्पष्ट लिहा. नुसता मथळा वाचून कोणी पंप आणला, तरी त्याची फसगत होता कामा नये.