लोणच्याच्या जाहिरातीची ३० सेकंदांची स्क्रिप्ट

आई घरी कैरीचं लोणचं करून विकते. व्हॉट्सअ‍ॅप स्टेटससाठी ३० सेकंदांच्या व्हिडिओची स्क्रिप्ट कोणी देईल का?

एवढ्या वेळात निवांत बोललेले पन्नासेक शब्दच मावतात, त्यामुळे आईची सगळी कहाणी सांगत बसू नका. फक्त फोडणी दाखवा.

०–४ सेकंद: कोणी बोलत नाही. तेलात मोहरी तडतडते, वर हिंग पडतो. इथे गाणं लावू नका, तडतड खरीच ऐकू येऊ द्या.

४–१२: आईचे हात फोडींना मसाला चोळताहेत. आईचा आवाज: "फोडी रात्रीच मीठ-हळद लावून ठेवते. सुटलेल्या पाण्यातच मोहरीची डाळ फेसते."

१२–२०: गार फोडणी फोडींवर पडते. "फोडणी पूर्ण गार झाल्यावरच ओतायची. गरम ओतली की फोडी मऊ पडतात."

२०–२५: दहीभात, शेजारी फोड. कोणीतरी चावतं, करकर आवाज. संवाद नाही.

२५–३०: बरणी. "पाव किलो, अर्धा किलो. खालच्या नंबरवर व्हॉट्सअ‍ॅप करा."

नंबर ही शेवटची पाचही सेकंदं दिसत राहू दे, लोक स्क्रीनशॉट काढतात. बरणीच्या लेबलवर FSSAI चा चौदा आकडी नोंदणी क्रमांक हवाच, तोही कॅमेऱ्यात येऊ द्या. फोडणी बाजूने शूट करा, वरून धरलात तर मोबाइलची लेन्स धुरकटते. आणि आईला वाक्यं पाठ करायला लावू नका. अर्थ सांगा, शब्द तिचे तिला सुचतील. फक्त घड्याळ तुम्ही सांभाळा.