‘विलंब झाला’ असं लिहू नकोस

सोलापूर

बाळ, सप्रेम आशीर्वाद.

पंढरपूरच्या लॉजवाल्यांना पाठवायचा तुझा मसुदा काल रात्री दोनदा वाचला. ‘काही अपरिहार्य कारणांमुळे माल पोहोचण्यास विलंब झाला. आपली गैरसोय झाली असल्यास दिलगीर आहोत. लवकरात लवकर माल पाठवण्याचा प्रयत्न करू.’ भाषा सभ्य आहे, तरी हे पाठवू नकोस.

‘विलंब झाला’ म्हणजे पाऊस झाला तसा तो आपोआप झाला. तो कुणी केला? आपण केला. ‘झाली असल्यास’ तर त्याहून वाईट. आषाढीची गर्दी तोंडावर, खोल्यांची नोंदणी झालेली आणि अंगावर घालायला चादरी नाहीत. त्या माणसाला गैरसोय झाली की नाही, ही शंका आपण कशी काढायची?

आता चूक नेमकी कुठली, ते आधी ठरव. तू म्हणशील, रंगाईवाल्याने सूत तीन दिवस उशिरा दिलं. खरं आहे. पण ते उशिरा येणार हे आपल्याला आधीच्या मंगळवारी कळलं होतं आणि आपण गिऱ्हाइकाला चकार शब्द बोललो नाही. माल द्यायचा कबूल केलेला सोमवार उलटला, त्यांचा फोन आला, तेव्हा आपण तोंड उघडलं. सूत ही अडचण होती, गप्प बसणं ही चूक. माफी गप्प बसण्याची मागायची. रंगाईवाल्याचं नावही काढू नकोस. त्यांनी ऑर्डर आपल्याला दिली होती, त्याला नाही.

दुसरं, लिहायच्या आधी कारखान्यात जाऊन ये. ऑफिसात बसून तारीख टाकू नकोस. मागावर किती चादरी उतरल्या, कडा शिवून घडी घालून किती बांधल्या, हे मुकादमाला विचारून स्वतः मोज. तो शनिवारी संध्याकाळी देतो म्हणाला, तर तू रविवार दुपार लिही. मध्ये वीज गेली किंवा सुताची तूट निघाली, तर तेवढी सवड लागते. पहिली तारीख चुकली ते माणूस सोसतो. माफीच्या पत्रातली तारीख चुकली, की पुढची ऑर्डर दुसऱ्याकडे जाते. माझ्या हातून हे एकदा घडलं आहे. ‘दोन दिवसांत’ लिहिलं, पाच लागले, आणि ते गिऱ्हाईक परत आलं नाही.

तुझ्या आकड्यांवरून मी असं लिहिलं असतं:

‘नमस्कार. सोमवारी 300 चादरी पोहोचवायचं आम्ही कबूल केलं होतं. आज गुरुवार, आणि तुमच्याकडे एकही पोहोचलेली नाही. सूत उशिरा येणार हे आम्हाला आधीच्या मंगळवारी कळलं होतं. त्याच दिवशी तुम्हाला सांगायला हवं होतं, आम्ही सांगितलं नाही. चूक आमची आहे, माफ करा. ऐन वारीत तुमच्या खोल्या आमच्यामुळे अडल्या आहेत.

180 चादरी बांधून तयार आहेत. त्या उद्या शुक्रवारी सकाळी 8 वाजता आमच्या टेम्पोने निघतील आणि 11 पर्यंत तुमच्या दारात उतरतील. उरलेल्या 120 रविवारी दुपारपर्यंत येतील. दोन्ही फेऱ्यांचं भाडं आमच्याकडे. रविवारपर्यंत थांबणं जमत नसेल, तर दुसऱ्या डिझाइनच्या 120 चादरी गोदामात आहेत. त्याच दराने उद्याच्याच टेम्पोत चढवतो. काय करायचं ते आज संध्याकाळी 6 पर्यंत कळवा.’

आधी चूक संपव, मग उपाय सुरू कर. दोन्हींची सरमिसळ नको. माफीच्या वाक्यानंतर ‘पण’ आला, की समोरचा मागचं सगळं विसरतो आणि ‘पण’च्या पुढचं तेवढं लक्षात ठेवतो. उपायात आकडा, वार आणि वेळ हवी. ‘लवकरात लवकर’वर त्यांना खोल्या लावता येणार नाहीत, ‘शुक्रवारी 11 ला 180’वर येतील. दुसऱ्या डिझाइनचा पर्याय मी मुद्दाम घातला. त्यांची निवड आपण परस्पर करायची नाही.

सूट देऊ का, असं तू विचारलं होतंस. माझ्या मते पहिल्याच पत्रात नको. त्यांना चादरी हव्यात, आणि आपण पैसे पुढे केले तर गप्प बसण्याची किंमत मोजल्यासारखं दिसतं. मात्र आपल्यामुळे त्यांनी बाहेरून भाड्याने चादरी आणल्या असतील, तर ते बिल आपण भरायचं. तेवढं शेठजींना आजच विचारून ठेव, म्हणजे फोनवर अडखळणार नाहीस.

हो, आधी फोन कर. ते रागावतील. मध्ये न बोलता ऐकून घे, मग हेच सांग आणि लगेच लेखी पाठव, म्हणजे वार आणि आकडे त्यांच्या हाती राहतील. उद्या टेम्पो निघाला की ड्रायव्हरचा नंबर त्यांना दे, आणि 11 वाजता 180 नग मोजून मिळाले का, ते तूच फोन करून विचार.

तुझा,
काका