तिसऱ्याला त्याचं घर दे

प्रिय,

तुझ्या कादंबरीची बावीस प्रकरणं वाचून झाली. सोबतच्या चिठ्ठीत विचारलंयस, ‘बसवराज फिका पडतोय, त्याला आणखी चांगला करू का?’ अरे, तो चांगला आहेच की. नको तितका आहे. सुजाता आणि विनायक भांडले की हा येतो, चहा सांगतो, ऐकून घेतो, पावसात छत्री देतो आणि जातो. एकोणिसाव्या प्रकरणात त्याची रायचूरला बदली होते. बेळगावच्या खडेबाजारातल्या पतसंस्थेची रायचूरला शाखा कुठून आली रे? तुला तो नकोसा झाला म्हणून तू ती उघडलीस.

एक काम कर. बसवराज असलेली पानं तेवढी वेगळी काढ, क्रमाने लाव आणि बाकीची कादंबरी विसरून वाच. त्याला काय हवंय, कशाची भीती वाटते, संध्याकाळी सहानंतर तो कुठे जातो, यातलं काही कळतं का? मी वाचून पाहिलं. मला फक्त सुजाता कशी दिसते ते कळलं. त्याचं प्रत्येक वाक्य तिच्याविषयी आहे. प्रेमाच्या त्रिकोणातला तिसरा माणूस कच्चा राहिलाय हे ओळखायला मला याहून सोपी खूण सापडलेली नाही.

तिसऱ्याला त्याचं घर दे. हे मी या पत्रात पुन्हा पुन्हा म्हणणार आहे, कंटाळू नकोस.

मुळात लेखक तिसरा आणतो कशाला? दोघंच असली की अडथळा बाहेरून आणावा लागतो: जात, पैसा, आईबाप, आजार. माणूस अडथळ्याशी झगडतो, पण निवड करत नाही. तिसरा आला की दोन वेगळी आयुष्यं समोर उभी राहतात, आणि एक घेताना दुसरं सोडावं लागतं. आपली सुजाता कोण आहे ते या सोडण्यातून कळतं. आता बसवराजकडे सोडण्यासारखं आयुष्यच नसेल, तर तिने काय सोडलं? विनायक जिंकला असं तुला वाटतं, पण त्याच्या समोर मैदानात कुणी उतरलंच नव्हतं.

टॉलस्टॉयच्या ‘अ‍ॅना कॅरेनिना’तला नवरा आठव. अ‍ॅना दुसऱ्याच्या प्रेमात पडून पीटर्सबर्गच्या स्टेशनावर उतरते आणि पहिल्यांदा तिला त्याचे कान खटकतात. कान तेच, डोळे बदललेत. तो बोटं मोडतो, तेही तिला सहन होत नाही. इथवर तूही लिहिशील. पण पुढे ती बाळंतपणात मरणाच्या दारात असते तेव्हा हाच माणूस तिला क्षमा करतो, आणि जी मुलगी त्याची नाही तिच्याकडे लक्ष देतो. त्याने लक्ष घातलं नसतं तर ती तान्ही जगलीच नसती. अ‍ॅनाला तो नकोसा होऊ दे, लेखकाला होता कामा नये. सुजाता बसवराजला कंटाळली तर माझी काहीच हरकत नाही. तू कंटाळलायस, ही हरकत आहे.

आपल्या भागात यात आणखी एक खड्डा आहे. तू बसवराजला बैलहोंगलचा केलास, कन्नड घरातला, आणि विनायक कडोलीचा, मराठी संमेलनात कविता वाचणारा. एवढं झालं की त्रिकोणाचा नकाशा होतो. सुजाता म्हणजे बेळगाव, आणि दोघं दोन राज्यं. असं लिहिलं की दोन्ही बाजूंना टाळ्या पडतात, मला माहीत आहे. पण बसवराजला प्रेमात पडताना सीमाप्रश्न आठवत असेल का? पतसंस्थेतून सुटल्यावर शेवटची बस मिळेल का, हे आठवत असेल.

त्यातून तू त्याचं मराठी मोडकं केलंस. लिंग चुकतं, वाचक हसतो. सुजाताशी बोलताना चुकू दे एखाद्दुसरं, खरंच चुकतं. पण त्याच्या घरातलं एक प्रकरण लिही आणि तिथे त्याला अस्खलित, सरळ मराठी दे. तिथे तो स्वतःच्या भाषेत, कन्नडमध्ये बोलतोय, अडखळेल कशाला? तिथे तो विनोद करेल, बहिणीला टोमणा मारेल, शेताच्या उताऱ्यावरून भावाशी वाद घालेल. मग पुढच्या प्रकरणात तो सुजातासमोर अडखळला की वाचक हसणार नाही. हा माणूस घरी किती बोलका आहे हे त्याला ठाऊक असेल.

अकरावं प्रकरण घेऊ. सुजाता त्याला सांगते की विनायकशी ठरलं. तुझा बसवराज म्हणतो, ‘तू सुखी राहा.’ हा त्याग नव्हे, ही तुझी सुटका आहे. आता त्याला घर देऊन बघ. आदल्या रविवारी त्याने आईला सुजाताचं नाव सांगितलंय. मराठी मुलगी म्हणून आई दिवसभर बोलली नाही, रात्री मात्र विचारलं, ‘तिला आपली भाकरी जमेल का?’ म्हणजे ती अर्धी तयार झाली. सोमवारी सुजाता हे सांगते. आता त्याला घरी जाऊन ते नाव परत घ्यायचंय. तो आधी तिच्याकडे बघतच नाही, समोरचं व्हाउचर दोनदा तपासतो. मग म्हणतो, ‘शनिवारी का सांगितलं नाहीस?’ तिला या प्रश्नाचा अर्थ कळत नाही, वाचकाला कळतो. आणि जाताना तो म्हणतो, ‘माझी छत्री दे.’ बाहेर जुलैचा पाऊस. ती देते. तो क्षुद्र वागलाय, त्यालाही ते कळतंय, तरी तो छत्री घेऊन जातो. आता सुजाता ज्याला सोडतेय तो माणूस आहे, आणि भिजत शहापूरला घरी जाताना तिला आपण काय केलं ते थोडं थोडं कळायला लागेल. विनायकवरचं तिचं प्रेम इथे कमी होत नाही. उलट पहिल्यांदाच त्याला किंमत येते.

त्रिकोणाची तिसरी बाजू तर तू लिहिलीच नाहीस: विनायक आणि बसवराज. विनायकच्या वडिलांची कर्जाची फाईल त्याच पतसंस्थेत आहे, हे तूच चौथ्या प्रकरणात लिहून विसरलास! ती बसवराजच्या टेबलावर येऊ दे. मंजूर करतो की अडवतो, ते लगेच ठरवू नकोस. नियमात बसत असेल तर तो करेल, आणि विनायकला ते उपकार वाटून डाचेल. तिथे दोघंही खरे होतील.

तू म्हणशील, पसारा वाढतो. माझ्या प्रकाशकानेही हेच म्हटलं होतं. माझ्या कादंबरीत तिसरी होती, नवऱ्याची निपाणीची जुनी मैत्रीण, तंबाखूच्या वखारीत हिशेब लिहिणारी. तिची तीन प्रकरणं काढा म्हणाले, कथा थांबते. मी काढली नाहीत. पुस्तक रखडलं, दुसऱ्याने छापलं, आणि परीक्षणात तीच प्रकरणं ‘विस्कळीत’ ठरली. वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू. आजही कधीतरी वाटतं की एक प्रकरण काढलं असतं तर पुस्तक चार लोकांनी जास्त वाचलं असतं. पण ती वखार काढली असती, तर ती बाई नुसती नवऱ्याच्या आठवणीतली वेणी उरली असती. माझी नायिका मग कुणावर जळत होती, वेणीवर? नाही काढली ते बरंच केलं. तुला पटो न पटो.

मर्यादा एवढीच, की घर दे म्हणजे जन्मापासूनचा इतिहास देऊ नकोस. बालपण नको, बापाचा मृत्यू तर मुळीच नको. दुःख चिकटवून माणूस होत नाही. त्याला या दोघांशी संबंध नसलेलं एक काम दे, जे कादंबरीभर चालू राहील. उताऱ्यावर भावाबरोबर नाव लावायचं, हे पुरे. तालुका कचेरीच्या दोन खेपा, एक नकार, आणि शेवटी लागलं की नाही ते. सात प्रकरणांत हा धागा दोन-चार ओळींनी सरकला तरी चालेल. मग रायचूरची गरज उरणार नाही. तो त्याच पतसंस्थेत, त्याच टेबलावर राहील, आणि सुजाताला रोज त्याच्यासमोरून जावं लागेल. हे तुला अवघड जाणार आहे, म्हणूनच तू बदली केली होतीस.

अकरावं आणि घरचं नवं प्रकरण आधी लिहून पाठव, बाकीचं नंतर. टाइप करून, मोठ्या अक्षरात.

तुझी,
बाई