सोडियम एक्स्ट्रॅक्टमध्ये खरंच हॅलोजन आहे का?

प्रश्न: एस.वाय. बीएस्सीला आहे, नाशिक. अननोन पांढरा सॉलिड मिळालाय, पाण्यात विरघळतो. सोडियम एक्स्ट्रॅक्ट केला तर प्रशियन ब्लू आलाच नाही, फेरिक क्लोराइडने मात्र लालभडक झालं. सिल्व्हर नायट्रेटने पांढरट-काळपट साका आला आणि तांब्याच्या तारेवर हिरवी ज्योतही दिसली. म्हणून मी क्लोरीन लिहिलं, मॅडम म्हणतात हॅलोजन नाहीच. मग एवढं सगळं आलं कुठून?

उत्तर:

मॅडमचं बरोबर दिसतंय. मी इथेच नाशिकमध्ये लॅब सांभाळतो आणि तुमचं हे ऑब्झर्वेशन दर वर्षी एखाद्या तरी जर्नलमध्ये सापडतं. तुमच्या सगळ्या टेस्ट एकाच गोष्टीकडे बोट दाखवतायत ती म्हणजे नायट्रोजन आणि सल्फर एकत्र असणं, फक्त त्यातल्या दोन टेस्ट हॅलोजनचं सोंग घेऊन आल्यात.

आधी लाल रंगाचं बघू कारण सगळं तिथूनच सुटतं. पदार्थ वितळलेल्या सोडियमबरोबर तापवला की कार्बन-नायट्रोजनचं सोडियम सायनाइड होतं आणि सल्फरचं सोडियम सल्फाइड. पण सोडियम कमी पडला किंवा ट्यूब नीट लालबुंद झाली नाही तर हे तिघं वेगळे न होता एकत्रच राहतात, NaSCN म्हणजे थायोसायनेट बनून. त्यात मोकळं सायनाइड नाही, मग फेरस सल्फेट टाकून फेरोसायनाइड होणार कसं आणि निळा येणार कुठून? उलट फेरिक आयनला थायोसायनेट भेटलं की रक्तासारखा लाल. म्हणजे प्रशियन ब्लू न येणं हा इथे नायट्रोजन नसल्याचा पुरावा नाही. (लाल टेस्ट करताना ॲसिड म्हणून डायल्यूट एचसीएलच घ्या, लेड ॲसिटेटच्या टेस्टसाठी ॲसिटिक टाकलेला भाग यात वापरू नका, फेरिक आणि ॲसिटेटचाही लालसर रंग येतो.)

आता सिल्व्हर नायट्रेट. तुम्ही बहुतेक एक्स्ट्रॅक्टमध्ये डायल्यूट नायट्रिकचे थेंब टाकून लिटमस लाल झाला की लगेच सिल्व्हर नायट्रेट घातलं असणार. घोळ तिथेच होतो. सल्फाइड शिल्लक असेल तर काळा सिल्व्हर सल्फाइड पडतो, सायनाइड असेल तर पांढरा सिल्व्हर सायनाइड, थायोसायनेट असेल तर तोही पांढराच. आणि सिल्व्हर सायनाइड डायल्यूट नायट्रिकमध्ये विरघळत नाही पण अमोनियात विरघळतो, म्हणजे अगदी सिल्व्हर क्लोराइडसारखा वागतो! त्यामुळे "अमोनियात विरघळला म्हणून क्लोरीन" हे वाक्य नायट्रोजन असलेल्या पदार्थात तेव्हाच लिहायचं जेव्हा आधी नीट उकळलेलं असेल.

नीट म्हणजे कसं, तर 2 मिली एक्स्ट्रॅक्ट, त्यात 1 मिली कॉन्सन्ट्रेटेड नायट्रिक, आणि निम्मं होईपर्यंत उकळायचं. हे फ्यूम हूडमध्येच करायचं कारण हायड्रोजन सायनाइड आणि हायड्रोजन सल्फाइड दोन्ही बाहेर पडतात, दोन्ही विषारी, बेंचवर शेजारच्याच्या नाकाखाली करू नका प्लीज. थायोसायनेट असेल तर डायल्यूट ॲसिडमध्ये नुसतं गरम करून ते जात नाही, कॉन्सन्ट्रेटेड नायट्रिकने ते ऑक्सिडाइज व्हावं लागतं. उकळल्यावर कधीकधी दुधासारखं गढूळ होतं, तो सल्फाइडपासून सुटलेला सल्फर असतो, तेव्हा सिल्व्हर नायट्रेट टाकायच्या आधी ट्यूब उजेडात धरून बघा आणि गढूळ असेल तर गाळून घ्या, नाहीतर त्यालाच साका समजाल. मग गार करून सिल्व्हर नायट्रेट. काहीच पडलं नाही तर हॅलोजन नाही, विषय संपला.

हिरव्या ज्योतीचं सांगतो. तांब्याच्या तारेची टेस्ट पटकन होते म्हणून सगळ्यांना आवडते, पण युरिया, थायोयुरिया आणि काही पिरिडीनवाले पदार्थ हॅलोजन नसतानाही हिरवी ज्योत देतात कारण तिथे उडून जाणारं कॉपर सायनाइड तयार होतं. ही टेस्ट निगेटिव्ह आली तर कामाची, पॉझिटिव्ह आली तर फक्त संशय घ्यायचा. माझ्या मते तरी नायट्रोजन असलेल्या पदार्थात तिच्यावर एक ओळही लिहू नये.

तर आता काय करायचं, फ्यूजन परत करा, यावेळी सोडियम वाटाण्याएवढा घ्या आणि पदार्थ अगदी चिमूटभर. सध्याच्या पावसाळी हवेत सोडियमवर पटकन पांढरा थर चढतो, तो थर कापून आतला चकचकीत तुकडा घ्या, फिल्टर पेपरने रॉकेल टिपून. आधी सोडियम वितळून चमकणारा गोळा झाला पाहिजे, मग पदार्थ, मग आधी हळू आणि शेवटी तळ लालबुंद होईपर्यंत दोन-तीन मिनिटं. चायना डिशमध्ये 10-15 मिली डिस्टिल्ड वॉटर घेऊन त्यात ट्यूब फोडायची आणि लगेच वायर गॉजने झाकायचं, सोडियम जास्त आहे म्हणजे यावेळी भडकाही जास्त, गॉगल काढू नका. उकळून गाळल्यावर एक्स्ट्रॅक्ट पाण्यासारखा स्वच्छ हवा. पिवळा किंवा चहासारखा आला तर पदार्थ पूर्ण फुटलेला नाही, त्याच्यावर टेस्ट करत बसू नका, फेकून परत करा.

जास्त सोडियममुळे थायोसायनेट तुटून सायनाइड आणि सल्फाइड वेगळे होतात. मग नायट्रोजनसाठी फेरस सल्फेटचे ताजे हिरवे खडे घ्या, बाटलीतलं तपकिरी पडलेलं जुनं सोल्यूशन नको. टाकल्यावर काळं झालं तर घाबरू नका, ते फेरस सल्फाइड, म्हणजे सल्फरचीच खूण. मिनिटभर उकळा, गार करा, डायल्यूट सल्फ्युरिक टाका, काळं विरघळून निळा वर येतो. ॲसिड लगेच टाकायची घाई करू नका, फेरोसायनाइड अल्कलाइनमध्येच बनतं. सल्फरसाठी वेगळ्या भागात सोडियम नायट्रोप्रुसाइडचे ताजे थेंब, जांभळा. तो काही वेळाने फिका पडतो, म्हणून आला की लगेच लिहून घ्या.

तुमचा पदार्थ मला थायोयुरिया वाटतोय, पण मेल्टिंग पॉइंट काढा, 180 च्या आसपास असेल तर संशय पक्का करायला एक सोपी टेस्ट आहे. कोरड्या टेस्ट ट्यूबमध्ये थोडा पदार्थ वितळवून मिनिटभर तसाच गरम ठेवा, थायोयुरियाचा काही भाग उष्णतेनेच अमोनियम थायोसायनेट होतो. गार करून पाण्यात विरघळवा, डायल्यूट एचसीएल आणि फेरिक क्लोराइड टाका, लाल. सोडियमची गरजच नाही.

आणि एक ब्लँक नक्की करा, तेही मॅडमसमोर. फक्त सोडियम, पदार्थ नाही, बाकी सगळं तेच. गंगापूर धरणाचं असो की बोअरचं, नळाच्या पाण्यात क्लोराइड असतंच, आणि त्याने धुतलेली डिश किंवा फनेल तशीच वापरली तर सिल्व्हर नायट्रेटने पांढुरकं येणार. ब्लँक स्वच्छ आला आणि तुमचा उकळलेला एक्स्ट्रॅक्टही स्वच्छ राहिला की त्याच ट्यूबमध्ये मिठाच्या पाण्याचा एक थेंब टाकून दाखवा, दह्यासारखा पांढरा साका लगेच पडेल. म्हणजे सिल्व्हर नायट्रेट चांगलं होतं आणि क्लोरीन असतं तर दिसलं असतं, एवढं एका थेंबात सिद्ध होतं.